तीन सौदे, पण डॉलर एकच

*मी पिंपळगाव बसवंतचा. घरची द्राक्षं युरोपला जातात. गेलं वर्षभर एनएसईवर युरो-डॉलर, पौंड-डॉलर आणि डॉलर-येनचे फ्युचर्स करतोय. भांडवल ५ लाख. नियम एकच पाळतो : एका सौद्यात २ टक्क्यांच्या आसपासच धोका, त्यावर नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी युरो-डॉलर २० लॉट खरेदी, पौंड-डॉलर १५ लॉट खरेदी आणि डॉलर-येन १८ लॉट विक्री असे तीन सौदे उघडे होते. स्टॉप अनुक्रमे ६० पिप, ८० पिप आणि १ येनवर. दोन खरेद्या, एक विक्री, म्हणजे तोल आहे असं वाटलं. संध्याकाळी सातला अमेरिकेचा रोजगाराचा आकडा आला आणि दहा मिनिटांत तिन्ही स्टॉप उडाले. ३० हजार गेले. नियम पाळूनही ६ टक्के कसे गेले? आता कोरिलेशन बघायला लागलोय, तर ते दर महिन्याला वेगळंच दिसतं. कशावर भरवसा ठेवू?*

*ता. क. दोन कंटेनर रॉटरडॅमला निघालेत, त्यांचे ५० हजार युरो यायचे आहेत. पण ते वेगळं.*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सौद्यांसाठी, दुसऱ्यांदा ता. क. साठी. ते अजिबात वेगळं नाही. पण तिकडे जरा वेळाने येतो, आधी शुक्रवारचं बघू.

तुमच्या भागातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. एकाच शिवारात थॉमसनचा एक प्लॉट, बांधाला लागून सोनाका, ओढ्यापलीकडे शरद. जाती वेगळ्या, छाटणीच्या तारखा वेगळ्या, माल घेणारे व्यापारीही वेगळे. कागदावर तीन पिकं दिसतात. गारपिटीचा ढग मात्र जात विचारत नाही. त्याला शिवार एकच दिसतं. तुमचे तिन्ही सौदे डॉलरच्या शिवारात होते.

चलनाची जोडी म्हणजे एक भागाकार असतो. त्यामुळे कुठलाही सौदा केला तरी हातात एक चलन येतं आणि दुसरं जातं. युरो-डॉलर घेतलं म्हणजे युरो घेतले आणि डॉलर विकले. पौंड-डॉलर घेतलं म्हणजे पौंड घेतले आणि पुन्हा डॉलर विकले. डॉलर-येनमध्ये डॉलर आधी येतो, म्हणून ती जोडी विकली की डॉलर विकले आणि येन घेतले. पडद्यावर दोन हिरवी बटणं आणि एक लाल बटण दाबलं जातं, पण डॉलरच्या खात्यात तिन्ही नोंदी विक्रीच्याच पडतात. ‘दोन खरेद्या, एक विक्री’ हा तोल बटणांच्या रंगाचा होता, चलनांचा नव्हता.

आता आकडे घालून बघा. हिशेब सोपा पडावा म्हणून भाव गोल धरतो : युरो १.०८ डॉलर, पौंड १.२७ डॉलर, डॉलर १५० येन आणि ८५ रुपये. एनएसईवर या तिन्ही जोड्यांचा एक लॉट म्हणजे पहिल्या चलनाचे १,००० एकक.

| सौदा | हातात आलं | हातातून गेलं |
|---|---|---|
| युरो-डॉलर २० लॉट खरेदी | २०,००० युरो | २१,६०० डॉलर |
| पौंड-डॉलर १५ लॉट खरेदी | १५,००० पौंड | १९,०५० डॉलर |
| डॉलर-येन १८ लॉट विक्री | २७,००,००० येन | १८,००० डॉलर |

उजव्या रकान्याची बेरीज ५८,६५० डॉलर होते. रुपयात जवळजवळ ५० लाख. म्हणजे ५ लाखांच्या भांडवलावर तुम्ही ५० लाखांचे डॉलर विकून बसला होतात, आणि समोर युरो, पौंड, येन अशी तीन वेगवेगळी पोती भरून ठेवली होती. मी बँकेच्या डीलिंग रूममध्ये होतो तेव्हा दिवसअखेर सौदे किती झाले हे साहेब कधी विचारत नसत. प्रश्न असा यायचा : ‘डॉलरमध्ये किती उघडे आहोत? युरोमध्ये किती?’ बँकांची रात्रभराची उघडी पोझिशन प्रत्येक चलनाची निव्वळ बेरीज काढूनच मोजली जाते. घरी एकट्याने सौदे करणाऱ्याने नेमकी हीच सवय उचलावी, बाकी डीलिंग रूममधलं फारसं काही उचलण्यासारखं नसतं.

अजून एक गंमत तुमच्या स्टॉपमध्ये आहे, म्हणजे तोटा थांबवायला सौदा आपोआप बंद होतो त्या भावांमध्ये. पिप म्हणजे भावातल्या चौथ्या दशांश स्थानाचा एक. ६० पिप, ८० पिप आणि १ येन हे आकडे ऐकायला एकमेकांशी संबंध नसल्यासारखे वाटतात. टक्क्यांत आणा : युरोचा स्टॉप ०.५६ टक्क्यावर, पौंडाचा ०.६३ वर, येनचा ०.६७ वर. डॉलर सगळ्यांविरुद्ध साधारण ०.६ टक्का वधारला की तिन्ही उडणार, हे शुक्रवारी सकाळीच ठरलेलं होतं. प्रत्येक स्टॉपला १२० डॉलर, म्हणजे १०,२०० रुपये. तिन्ही मिळून ३०,६००. एकच स्टॉप तुम्ही तीन नावांनी लावला होता. त्यातून रोजगाराचा आकडा ही खास डॉलरची बातमी. त्या दहा मिनिटांत युरोपात किंवा जपानात काहीही घडलेलं नसतं, जोडीची एकच बाजू हलते.

आता कोरिलेशन, म्हणजे दोन जोड्या किती एका चालीने हलतात याचा उणे १ ते अधिक १ मधला आकडा, कुठे बसतं ते सांगतो. दोन सौदे प्रत्येकी २ टक्के धोक्याचे असतील आणि त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल, तर एकत्रित धोका ४ टक्के धरत नाहीत. दोन्ही एकदम बुडण्याची शक्यता कमी असते, म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात, ते २.८ येतं. कोरिलेशन १ असेल तर पूर्ण ४. युरो-डॉलर आणि पौंड-डॉलरचं कोरिलेशन ०.८ धरलं, तर ३.८. म्हणजे दुसऱ्या सौद्याने विविधता आली ती ०.२ टक्क्याची, आणि धोका जवळपास दुप्पट झाला. तुमच्या तिन्ही सौद्यांना हाच हिशेब लावला, येनचं इतर दोघांशी ०.५ धरलं, तर ५.१ येतं. तीन सौदे खरोखर स्वतंत्र असते तर ३.५ आलं असतं. स्टॉपची रक्कम म्हणजे रोजचा चढउतार नव्हे, त्यामुळे या गणिताला काटेकोर समजू नका, पण कल येतो.

इथे चिन्हाची एक खोच आहे आणि नवखे तिथेच फसतात. युरो-डॉलर आणि डॉलर-येन यांचं कोरिलेशन बहुतेक वेळा ऋण निघतं. ऋण दिसलं की वाटतं, छान, विरुद्ध दिशेला जातात, एकमेकांना सांभाळतील. पण तुम्ही एक घेतलंय आणि दुसरं विकलंय. विक्रीचं ऋण आणि कोरिलेशनचं ऋण मिळून धन होतं. ऋण कोरिलेशनच्या जोड्या उलटसुलट घेतल्या की तो पुन्हा एकच सौदा. दोन्हींमध्ये खरेदी केली असती तर डॉलरची बाजू काही अंशी कापली गेली असती.

कोरिलेशन काढताना भाव घेऊ नका, रोजचा बदल घ्या. भावांवर काढलेलं कोरिलेशन महिन्या-महिन्याला गटांगळ्या खातं, कारण दोन रेषा केवळ योगायोगाने एका दिशेला सरकत असल्या तरी ते ०.९ दाखवतं. तुमचा आकडा बदलत राहण्याचं एक कारण बहुधा हेच असावं. शीटमध्ये ए रकान्यात तारीख, मग बी ते ई मध्ये युरो-डॉलर, पौंड-डॉलर, डॉलर-येन, डॉलर-रुपया यांचे बंद भाव टाका. एफ पासून पुढे त्याच क्रमाने रोजचा बदल. पहिलं सूत्र एफ रकान्याच्या तिसऱ्या ओळीत घालून खाली आणि उजवीकडे ओढा, दुसरं ६० दिवसांचं कोरिलेशन देईल :

```
=LN(B3/B2)
=CORREL(F3:F62,G3:G62)
```

एवढं करूनही तो आकडा हलणारच. तो गेल्या ६० दिवसांची सरासरी आहे, आणि पैसे सरासरी दिवशी जात नाहीत. रोजगाराच्या आकड्यासारख्या दिवशी डॉलर एकटाच हलत असल्याने सगळ्या जोड्या एका दावणीला बांधल्यासारख्या पळतात. शीट ०.५ म्हणत असली तरी त्या अर्ध्या तासात जोड्या ०.९ असल्यासारख्या वागतात. म्हणून भरवसा कशावर, याचं माझं उत्तर असं : आधी वरच्या तक्त्यासारखी बाजूंची बेरीज. ती अंकगणित आहे, महिन्यागणिक बदलत नाही. कोरिलेशन नंतर, आणि तेही बेरजेला जे दिसत नाही ते पकडण्यासाठी.

बाजूंची बेरीज सांगते की तुम्ही डॉलर विकलाय. तुम्हाला नेमकं तेच करायचं होतं का, हे ती सांगत नाही. तुम्ही म्हणाल, मला युरो चढताना दिसला, पौंड चढताना दिसला, येन चढताना दिसला, म्हणून तिन्ही घेतले. तेव्हा आधी हे पाहायला हवं होतं की ते चढत होते की डॉलर उतरत होता. गाडीतून बघताना मागे पळणारी झाडं तिन्ही वेगवेगळी असतात, चालती असते ती गाडी. यासाठी चलनांची सापेक्ष ताकद काढतात. लोक तयार मीटर विकत घेतात, पण ते घरी दहा मिनिटांत होतं.

प्रत्येक चलन डॉलरच्या तुलनेत गेल्या २० सत्रांत किती टक्के हललं ते लिहा. डॉलर स्वतः शून्य. येन आणि रुपयाचं चिन्ह उलटवायला विसरू नका, कारण त्यांच्या जोडीत डॉलर आधी येतो :

```
=LN(B62/B42)
=-LN(D62/D42)
```

समजा आकडे असे आले : युरो अधिक १.५, पौंड अधिक १.८, येन अधिक १.२, रुपया उणे ०.१, डॉलर ०. पाचांची सरासरी ०.८८. प्रत्येकातून ती वजा करा. पौंड अधिक ०.९२, युरो अधिक ०.६२, येन अधिक ०.३२, डॉलर उणे ०.८८, रुपया उणे ०.९८. झाली ताकद. डॉलर नसलेल्या जोड्यांचे भाव वेगळे आणायची गरज नाही, ते या वजाबाकीतच दडलेले असतात. युरो आणि पौंडाचं आपसातलं अंतर हवं तर ०.९२ वजा ०.६२, इतकंच.

आता हे आकडे वाचायचे कसे? तीन चलनं वरच्या बाजूला घोळक्याने उभी आहेत, त्यांच्यात फार तर ०.६ चं अंतर. डॉलर आणि रुपया खाली एकमेकांना चिकटून. म्हणजे बाजारात एकच गोष्ट चालू आहे, डॉलरची घसरण, आणि युरो, पौंड, येन हे त्याचे तीन आरसे आहेत. अशा वेळी तुमचं मत एकच असतं, तेव्हा २ टक्केही एकदाच खर्चायचे. एक तर सगळ्यांत तगडं चलन निवडून फक्त पौंड-डॉलर १५ लॉट घ्या, नाहीतर तिन्ही घ्या पण लॉट साधारण एक तृतीयांश करा, म्हणजे ७, ५ आणि ६. मी पहिला पर्याय घेईन. आपल्याकडच्या रुपया नसलेल्या जोड्यांच्या फ्युचर्समध्ये खरेदी-विक्रीच्या भावातली दरी बऱ्याचदा रुंद असते, आणि तीन ठिकाणी ती दरी ओलांडायचे पैसे देऊन मिळतं काय, तर जवळपास तोच सौदा.

दुसरं चित्र बघा. समजा वीस दिवसांचा बदल असा आहे : पौंड अधिक १.८, युरो अधिक ०.२, येन उणे १.०, रुपया उणे ०.१. सरासरी ०.१८. ताकद काढली की पौंड अधिक १.६, येन उणे १.२ आणि डॉलर मध्यात, शून्याच्या जरा खाली. आता डॉलरला काही सांगायचं नाहीये. इथे पौंड-डॉलर १५ लॉट घेणं हे पौंडाबद्दलचं मत आहे आणि डॉलर-येन १९ लॉट घेणं हे येनबद्दलचं. दोन्ही खरेद्या, पण बाजूंची बेरीज करा : एकीकडे १९,०५० डॉलर गेले, दुसरीकडे १९,००० डॉलर आले. डॉलर कापला गेला. हातात उरला पौंड आणि विकलेला येन. रोजगाराचा आकडा कसाही आला तरी एक सौदा जेवढं देईल, दुसरा साधारण तेवढं घेईल.

मात्र लगेच हे दोन स्वतंत्र सौदे समजू नका. डॉलर गेल्यावर जे उरतं ते सरळ पौंड-येन आहे. जगात घबराट झाली की स्वस्त व्याजाने उचललेला येन लोक परत करायला धावतात, येन वधारतो, आणि त्याच धावपळीत पौंड खाली येतो. जपानच्या मध्यवर्ती बँकेने ३१ जुलै २०२४ ला व्याजदर वाढवला, त्यानंतरच्या काही दिवसांत हेच झालं. ५ ऑगस्टला निक्केई एका दिवसात १२ टक्क्यांहून जास्त कोसळला होता. सामायिक चलन नसतानाही सामायिक कारण असू शकतं. बाजूंच्या बेरजेला ते दिसत नाही, तिथे ते ६० दिवसांचं कोरिलेशन कामाला येतं.

ताकदीच्या आकड्यालाही मर्यादा आहेत. तो झालेलं सांगतो, होणारं नाही. २० ऐवजी ५ दिवस घेतले तर क्रम बदलू शकतो, म्हणून दोन्ही बघा. दोन्हींत तेच चलन तळाशी असेल तर गोष्ट टिकाऊ आहे, नसेल तर सौदा लहान ठेवा. आणि टोपलीत कोण आहे यावर निकाल ठरतो. प्रसिद्ध डॉलर इंडेक्समध्ये ५७.६ टक्के वजन एकट्या युरोचं आहे. ‘डॉलर इंडेक्सही पडतोय’ म्हणून युरो-डॉलर घेण्याला पुष्टी मिळाली असं जे म्हणतात, ते एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा नोंदवत असतात.

कोरिलेशनवर आंधळा भरवसा ठेवणाऱ्यांचं काय होतं याचं सगळ्यांत लख्ख उदाहरण स्वित्झर्लंडचं. ६ सप्टेंबर २०११ ला स्विस नॅशनल बँकेने जाहीर केलं की एका युरोला १.२० फ्रँकपेक्षा कमी भाव होऊ देणार नाही. युरो आणि फ्रँक असे एकमेकांना बांधले गेल्यावर युरो-डॉलर आणि डॉलर-फ्रँक या जोड्या आरशातल्यासारख्या उलट चालू लागल्या. कोरिलेशन उणे एकच्या आसपास. दोन्ही घेऊन ठेवल्या तर एकीचं नुकसान दुसरी भरून काढणार, असं शीट तीन वर्षं सांगत राहिली. १५ जानेवारी २०१५ ला बँकेने ती मर्यादा अचानक काढून टाकली. फ्रँक उसळला, डॉलर-फ्रँक कोसळलं, आणि त्या दिवशी युरो-डॉलरही खालीच आलं. दोन्ही खरेद्या तोट्यात. तक्ता मांडला असता तर आधीच दिसलं असतं : डॉलर कापला गेल्यावर हातात राहत होता युरो आणि विकलेला फ्रँक, म्हणजे ‘स्विस बँक आपला शब्द पाळेल’ एवढ्याच मतावर लावलेला पैसा. फार चांगलं कोरिलेशन दिसलं की ते कोण धरून ठेवतंय हे शोधायचं.

आपल्या रुपयाचंही थोडं तसं आहे, आणि इथून तुमच्या ता. क. कडे वळतो.

रॉटरडॅमहून यायचे ५०,००० युरो हा तुमचा सगळ्यांत मोठा सौदा आहे. तो ॲपवर दिसत नाही, त्याला मार्जिन लागत नाही, म्हणून तो सौदा वाटत नाही. बाजू मांडा : ५०,००० युरो हातात यायचे आहेत आणि शेवटी ते देऊन रुपये घ्यायचे आहेत. म्हणजे तुम्ही युरो-रुपया घेऊन बसलाय, ५० लॉट, स्टॉपशिवाय. युरो-रुपयाचा भाव म्हणजे युरो-डॉलर गुणिले डॉलर-रुपया. यातला दुसरा गुणक सहसा संथ असतो, कारण रिझर्व्ह बँक डॉलर विकत-घेत त्याची चढउतार आवरते. म्हणून ताकदीच्या यादीत रुपया डॉलरला चिकटून दिसला. संथ गुणक बाजूला केला की युरो-रुपया रोजच्या चालीत बराचसा युरो-डॉलरच असतो. म्हणजे शुक्रवारी सकाळी तुमच्याकडे २० लॉट युरो नव्हते, ७० होते.

आणि आता शुक्रवारचा खरा हिशेब. युरो ६० पिप पडला, डॉलर-रुपया होता तिथेच धरला, तर द्राक्षांच्या पैशातून २५,५०० रुपये गेले. ते तुमच्या ३० हजारांत धरलेले नाहीत. अर्थात रुपयाच्या जोड्यांचा बाजार पाचला बंद झालेला होता, आणि सोमवारी डॉलरसमोर रुपयाही थोडा उतरला असेल तर काही परत आलं असेल. रुपया ०.२ टक्का घसरला तर सुमारे नऊ हजार. ही उशी नेहमी सारखी जाड नसते. २०१३ मध्ये मेच्या सुरुवातीला ५४ च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ च्या पुढे गेला, तेव्हा निर्यातदारांना रुपयाच्या घसरणीनेच तारलं. शांत वर्षांत ती उशी पातळ असते.

या अंगाने पाहिलं तर युरो-डॉलरची खरेदी हा तुमच्या तीन सौद्यांमधला सगळ्यांत अनावश्यक सौदा होता. माल बोटीवर असेपर्यंत युरो चढेल या मतावर तुमचं घर आधीच बसलेलं आहे. त्या काळात डॉलर पडणार असं वाटलंच तर युरो नको, दुसरा आरसा निवडा आणि तोही लहान. माझा सल्ला खरं तर उलटा आहे : आधी त्या ५०,००० युरोंपैकी निदान निम्म्यांचं संरक्षण करा, मग उरलेल्या धोक्यात सौदे बसवा. मजुरी, पॅकहाऊस, भाडं हा खर्च रुपयात आधीच होऊन गेलेला असतो, तेवढी रक्कम तरी पक्की असावी.

ते दोन तऱ्हांनी होतं. बँकेत फॉरवर्ड करून युरोचा भाव बांधून घेता येतो, किंवा एनएसईवर युरो-रुपयाचे लॉट विकता येतात, एका लॉटला १,००० युरो. मे २०२४ पासून एक्स्चेंजवर रुपयाच्या जोडीत सौदा करायचा तर त्यामागे खरं परकीय चलनाचं येणं-देणं असावं लागतं. तुमच्याकडे निर्यातीचं बिल आहे, त्यामुळे तुमची अडचण नाही. पण तेच येणं दुसऱ्या कुठल्या सौद्याने आधीच झाकलेलं नसावं. वडिलांनी बँकेत फॉरवर्ड केलाय का, हे आधी घरात विचारा. माझ्या पाहण्यात एका घरात बापाने बँकेत आणि मुलाने एक्स्चेंजवर तेच युरो विकले होते. दोघंही सावध, दोघांचाही हेतू चांगला, आणि युरो चढल्यावर घराला एका सौद्याचा निव्वळ तोटा सोसावा लागला. ‘दोन सौदे गुपचूप एकच’ याचा हाही एक प्रकार.

एक ओझरती गोष्ट. परदेशी ॲपवर पौंड-येन थेट मिळतं, खर्चही कमी दिसतो, म्हणून तिकडे वळायचा मोह होईल. त्यातली बरीच ॲप रिझर्व्ह बँकेच्या सावधानतेच्या यादीत आहेत, आणि अशा ठिकाणी सौदा करणं हा फेमा कायद्याचा भंग आहे. निर्यातदाराने तर त्या वाटेला जाऊच नये. तुमचं खातं आणि बिलं बँकेच्या नजरेखाली असतात.

आता शीटमध्ये एक पान नवीन उघडा. वर पाच रकाने : डॉलर, युरो, पौंड, येन, रुपया. पहिली ओळ सौद्यांची नाही, द्राक्षांची : युरोखाली अधिक ५०,०००. दुसरी ओळ संरक्षणाची, २५ लॉट विकले असतील तर युरोखाली उणे २५,०००. त्याखाली ॲपवरचे सौदे, प्रत्येकाच्या दोन बाजू दोन रकान्यांत. तळाला बेरीज, आणि तिच्याखाली तीच बेरीज रुपयांत, म्हणजे येनचे लाख आणि युरोचे हजार एका मापात येतील. नवीन सौदा टाकण्याआधी तो त्या पानावर लिहायचा, बेरीज बघायची, मगच ऑर्डर. नव्या सौद्याने कुठल्याही एका चलनाची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे जात असेल तर तो सौदा घ्यायचा नाही, कितीही सुंदर चार्ट असला तरी. तुमच्या भांडवलाला आणि तुमच्या स्टॉपच्या अंतराला ती मर्यादा साधारण १७ लाख बसते : १७ लाखांवर ०.६ टक्का म्हणजे १०,२०० रुपये, तुमचे ते २ टक्के.

आणि खरेदीदाराचे पैसे ज्या दिवशी खात्यात येऊन रुपयात बदलले जातील, त्याच दिवशी पहिली ओळ खोडा आणि विकलेले २५ लॉटही त्याच दिवशी परत घ्या. द्राक्षं गेल्यावर ते लॉट तसेच पडून राहिले तर ते संरक्षण उरत नाही, युरो पडावा म्हणून लावलेली नवी पैज होते, आणि ती त्या पानावर दिसायला हवी.